वडील नाहीत, कन्यादान कोण करणार?

प्रश्न: माझे बाबा नाहीत, लग्न ठाण्यात आहे. कन्यादान काका-काकूंनीच करायला हवं का, आई नाही करू शकत?

आई करू शकते, अगदी शास्त्राप्रमाणे. याज्ञवल्क्य स्मृतीत क्रमच दिलाय, वडील, आजोबा, भाऊ, कुळातला कोणी आणि मग आई. शेवटी का होईना पण आईचं नाव आहे, तेव्हा 'चालत नाही' म्हणणाऱ्यांना हे सांगा.

आपल्याकडे जोडप्याने बसायची पद्धत आहे म्हणून लोक काका-काकू नाहीतर मामा-मामी बसवतात. विधीत नवऱ्यामुलाच्या ओंजळीवर मुलीची ओंजळ, वर वडिलांची, आई वरून पाण्याची धार धरते आणि खाली काशाचं भांडं असतं. मग धर्म, अर्थ, काम यात हिला सोडून वागू नकोस असं सांगतात आणि मुलगा 'नातिचरामि' म्हणतो. माझ्या मते दान म्हणजे वस्तू देणं नाही, खरा अर्थ या वचनात आहे.

माझ्या मावसबहिणीच्या लग्नात, नौपाड्यातल्या हॉलमध्ये, गुरुजींनी ऐनवेळी मावशीला मागे बसायला सांगितलं, ती पदर तोंडाला लावून रडत होती. शेवटी ओंजळ तिच्या धाकट्या भावाने धरली आणि धार मावशीनेच धरली, हात थरथरत होता पण धार तुटली नाही. म्हणून गुरुजी ठरवतानाच, बुकिंगच्या आधी, फोनवर स्पष्ट विचारा, 'आई बसणार आहे, चालेल ना?' आणि नाही म्हणाले तर दुसरे बघा.

कायद्याचं टेन्शन नको, २०२४ मध्ये अलाहाबाद हायकोर्टानेही सांगितलंय की हिंदू विवाहाला कन्यादान आवश्यक नाही.