संकरित मक्याचं घरचं बियाणं

प्रश्न: मागच्या हंगामात संकरित मका चांगला पिकला. त्यातलीच कणसं यंदा बियाण्याला ठेवली तर?

ठेवू नका, उगवेल चांगला, पण उत्पन्न पाव हिश्श्याहून जास्तही घटू शकतं. बीजोत्पादनात दोन वेगळे शुद्ध वाण शेजारी लावतात, बहुधा मादीच्या चार ओळी अन् नराच्या दोन. मादीचे तुरे पराग सुटायच्या आत रोज फिरून उपटतात आणि बियाण्याला फक्त तिचीच कणसं घेतात. म्हणून पिशवीतला दाणा न् दाणा सारखा. तुमच्या वावरात हीच झाडं आपसात फळली, की पुढच्या पिढीत गुण फुटतात आणि जोम उतरतो: काही झाडं खुजी, तुरे मागेपुढे, कणसं लहान. संकुल वाण असेल, म्हणजे अनेक वाण एकत्र करून मोकळ्या परागानेच पिढ्यान्‌पिढ्या वाढवलेला, जसा चाऱ्याचा आफ्रिकन टॉल, तर वावराच्या मधली कणसं ठेवता येतात. काठावर शेजारच्या मक्याचा पराग येतो.