मंदीचे चार महिने आणि आठ कारागीर

“आमचं लाकडी फर्निचरचं छोटं युनिट आहे, आठ कारागीर आहेत. दरवर्षी चार महिने ऑर्डरी निम्म्यावर येतात. यंदा हातात शिल्लक नाही. तिघांना कमी करू, की लाकूड आणि बिजागऱ्या हलक्या वापरू? दोन्ही करायला मन धजत नाही.”

ताई, तुमच्यासारखीच अडचण घेऊन एक उद्योजिका माझ्याकडे आल्या होत्या. युनिटही साधारण तुमच्याएवढंच होतं. खर्चाची यादी त्यांनी आणली होती, पण कोणत्या महिन्यात किती पैसे कमी पडणार, हे त्यात कुठेच नव्हतं. म्हणून आधी तेवढंच काढलं. चांगल्या महिन्याची विक्री 100 धरली, तर कच्च्या मालाला 42, पगाराला 28 आणि भाडं, वीज, कर्जाचा हप्ता यांना 17 लागत. मंदीत विक्री 55 वर यायची. मालाचा खर्च त्याबरोबर 23 पर्यंत उतरे, बाकीचे 45 मात्र जागचे हलत नसत. म्हणजे दर महिन्याला 13 ची तूट, चार महिन्यांत 52.

हा आकडा समोर आला आणि तिघांना काढण्याचा विचार मागे पडला. त्यातून महिन्याला जेमतेम 10 वाचले असते, म्हणजे तूट भरलीच नसती. शिवाय हंगाम सुरू होताच नवी माणसं शोधून, शिकवून कामाला लावावी लागली असती. कपातीची नुसती कुजबुज झाली तरी सर्वांत आधी उत्तम कारागीर निघून जातो, कारण त्याला दुसरीकडे काम लगेच मिळतं.

मग आम्ही गोदामात गेलो. स्वस्तात मिळालं म्हणून घेतलेलं लाकूड, बिजागऱ्या, ड्रॉवरच्या सरकपट्ट्या असा मंदीतल्या वेगाने दोन महिने पुरेल एवढा माल पडून होता. चार महिन्यांत यातला बराचसा साठा हळूहळू वापरायचा आणि नवी खरेदी गरजेपुरतीच, लहान लॉटमध्ये करायची, असं ठरलं. लहान लॉटला दर थोडा जास्त पडतो, तो धरूनही 30 मोकळे झाले. ही बचत नव्हे, खरेदी पुढे ढकलणं आहे. हंगामाआधी साठा पुन्हा भरावा लागतो आणि त्याचे पैसे पहिल्या ऑर्डरींच्या आगाऊ रकमेतून बाजूला काढून ठेवावे लागतात.

दुसरी गोष्ट कामाच्या दिवसांची. सहाऐवजी पाच दिवस काम आणि तेवढाच पगार, सगळ्यांना सारखं, चार महिन्यांपुरतं. त्यातून साधारण 18 मिळाले. त्या उद्योजिकेने आधी स्वतःची उचल एक तृतीयांशाने कमी केली, मग सगळ्यांना एकत्र बसवून वहीतले आकडे दाखवले, शेवटची तारीख सांगितली आणि प्रत्येकाची लेखी संमती घेतली. तुमच्याकडच्या कामगार कायद्यात हे कसं बसतं, तेवढं आधी विचारून घ्या. उरलेलं कर्जावरून भागलं. हप्ता चुकण्याआधीच बँकेत जाऊन चार महिने फक्त व्याज भरण्याची मुभा त्यांनी मागितली. ती मिळाली आणि 8 थांबले. हप्ता थकल्यावर हीच मागणी केली असती, तर बोलणं फार अवघड झालं असतं. एकूण 56 झाले. त्यांच्या उचलीतले वाचलेले पैसे वेगळे राहिले, ते अडीअडचणीला.

आता दर्जाचं. हलक्या मालाची किंमत आज दिसत नाही, म्हणून हा मोह मला सर्वांत धोक्याचा वाटतो. नीट न वाळलेलं लाकूड बनवताना चांगलं दिसतं. काही महिन्यांनी ते आकसतं, सांधे उघडतात, फळ्या वाकतात, ड्रॉवर अडकतात. या तक्रारी नेमक्या हंगामाच्या गर्दीत येतात आणि तेव्हा कारागीर नव्या ऑर्डरी सोडून जुन्या दुरुस्त्या करत बसतात. म्हणून लाकडाचा ओलावा, सांधे, बिजागऱ्या आणि पॉलिशचे हात यांना कात्री लावायची नाही, असं आम्ही लिहूनच ठेवलं. कात्री लागली ती प्रकारांना. पॉलिशच्या बारा छटांपैकी मागणी असलेल्या चारच ठेवल्या. त्यामुळे अर्धवट वापरून सुकून जाणारे डबे थांबले.

पाच दिवसांतही रिकामा वेळ उरत होता. त्यात पॉलिशवाल्याने जुळणी शिकून घेतली आणि नेहमीच्या कापांसाठी लाकडी साचे तयार झाले. दर आठवड्याला एकच नोंद ठेवली, पुन्हा करावं लागलेलं काम किती. ती वाढली की दर्जा घसरतोय हे ग्राहकाच्या आधी कळतं.

तुमच्या बाबतीत एक तपासा. मागच्या दोन-तीन वर्षांच्या याच महिन्यांच्या वह्या काढा आणि ऑर्डरींबरोबर चौकश्याही मोजा. तिसऱ्या महिन्याअखेरीस चौकश्या दरवर्षीसारख्या वाढू लागल्या नाहीत, तर ही हंगामी मंदी नाही, मागणीच कमी झाली आहे. तेव्हा वरचे उपाय पुरणार नाहीत. कोणाला कमी करावं लागेल, त्याला किती दिवस आधी सांगायचं आणि किती रक्कम हातात द्यायची, याचा हिशेब पैसे शिल्लक असतानाच मांडायला घ्या.