मोबाईलचा फोटो, ३६ × २४ इंचाची प्रिंट

प्रश्न: नागपूरच्या फुटाळा तलावावर संध्याकाळी मोबाईलने काढलेला फोटो हॉलमध्ये ३६ × २४ इंचात लावायचा आहे. फाईल ४००० × ३००० आहे, लॅबवाले ३०० डीपीआय मागतात. भागेल का?

पिक्सेलच्या हिशेबाने भागेल. आधी त्या ३००चं भूत डोक्यातून काढा. ३६ इंचाला इंचामागे ३०० पिक्सेल म्हणजे १०,८०० × ७,२००, जवळपास ७८ मेगापिक्सेल. हा आकडा हातात धरून, फूटभरावरून पाहायच्या फोटोचा. अंतर वाढलं की गरज त्याच प्रमाणात घटते: तीन फुटांवरून साधारण १००, सहा फुटांवरून ५०.

तुमची फाईल ४:३, प्रिंट ३:२. म्हणजे वरखाली मिळून ३३३ पिक्सेल कापले जाऊन ४००० × २६६७ उरतील. ४००० भागिले ३६, इंचामागे १११. सोफ्यावरून तर निवांत चालेल, तीन फुटांवरूनही चालेल. आकाश कापायचं जिवावर येत असेल तर ३२ × २४ करा. काहीच जात नाही आणि आकडा १२५ होतो. फोटोशॉपमध्ये `Resample` चालू ठेवून ३०० करून दिलं तर लॅबवाले खूश होतील, पण मधले पिक्सेल सॉफ्टवेअर अंदाजाने भरतं. फाईल फुगते, तपशील वाढत नाही.

खरी भीती वेगळीच आहे, संध्याकाळची. कमी उजेडात मोबाईल फोटोत उठणारे दाणे पुसतो आणि त्याबरोबर झाडांची पानंही पुसतो. पिक्सेल ४००० असतात, पण पलीकडच्या काठावरची झाडं रंग फासल्यासारखी दिसतात. चिमटीने डिजिटल झूम केला असेल तर आणखी वाईट: दुप्पट झूममध्ये चित्राचा फक्त चौथा हिस्सा ताणून पुन्हा ४००० × ३००० केलेला असू शकतो. आकडा तोच, माल कमी.

आणि फाईल व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवू नका. मी एकदा बर्डीवरच्या एका लॅबला तशीच पाठवली. तिकडे पोचली १६०० × १२००, म्हणजे ३६ इंचाला इंचामागे ४४. प्रिंट हातात आल्यावर कळलं, पैसे पाण्यात. डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर पेनड्राइव्ह घेऊन जा, आणि लॅबच्या स्क्रीनवर पिक्सेल मोजून घ्या.

मोठी ऑर्डर द्यायच्या आधी एक करा. कापलेल्या फोटोतला सगळ्यात बारीक कामाचा तुकडा, तुमच्या बाबतीत पलीकडचा काठ, १३३३ × ८८९ पिक्सेलचा कापून घ्या आणि तो १२ × ८ इंचात छापून आणा. मोठ्या प्रिंटचा तो नेमका नववा हिस्सा, त्याच बारकाईचा. हॉलच्या भिंतीवर टेपने चिकटवा, रात्री ट्यूबलाइट लावून सोफ्यावरून बघा, मग तीन फुटांवर या. झाडं झाडांसारखी दिसली तर ३६ छापा. लगदा दिसला तर १८ × १२ वर थांबा, किंवा ऊन असताना पुन्हा फुटाळ्यावर जाऊन या.