गोल किंवा टिक करायचं उत्तर टाइप करून कसं लिहावं?

प्रश्न: मुलीच्या वर्कशीटवर ‘योग्य पर्यायाला गोल करा’ असं आहे. उत्तरं व्हॉट्सॲपवर टाइप करून पाठवायची आहेत. गोल कसा दाखवू?

उत्तर: गोल दाखवायची गरजच नाही. प्रश्नाचा क्रमांक, पर्यायाचं अक्षर आणि पर्यायाचे पूर्ण शब्द एका ओळीत लिहा. समजा, तिसरा प्रश्न आहे: मलप्रभा नदीचा उगम कोणत्या तालुक्यात होतो? (अ) गोकाक (ब) खानापूर (क) सौंदत्ती (ड) हुक्केरी. तर लिहायचं:

प्र. ३: (ब) खानापूर

नुसतं ‘ब’ लिहू नका. बोट चुकून ‘क’ पडलं, तर बाईंना ते कळायला मार्गच नाही. शब्द सोबत असला की चूक लगेच दिसते. कर्नाटकच्या दहावीच्या पेपरातही अक्षरासह पूर्ण उत्तर लिहायला सांगतात, तेव्हा ही सवय आत्ताच लागलेली बरी.

पर्यायांना अक्षरंच नसतील, तर ‘दुसरा पर्याय’ म्हणण्यापेक्षा शब्दच उतरवा. चित्रं असतील तर ‘डावीकडून दुसरं चित्र: बैलगाडी’. एकाहून जास्त टिक असतील, तर सगळे एकाच ओळीत स्वल्पविराम देऊन लिहा. आणि सूचना नीट वाचा: ‘वेगळा शब्द ओळखा’ असेल, तर गटात न बसणारा शब्दच लिहायचा असतो.