पोस्टर-सत्रात जागा आणि वेळ यांची गल्लत करू नका

प्रश्न : आमच्या परिषदेत ८० पोस्टर आहेत, सत्र दोन तासांचे आहे. पाहणाऱ्यांना आपली फेरी आधीच आखता यावी यासाठी फलक आणि वेळा कशा वाटाव्यात?

फलक विषयानुसार द्यावेत आणि सादरकर्त्यांच्या उभे राहण्याची वेळ फलकाच्या सम-विषम क्रमांकानुसार ठरवावी. सगळी पोस्टरे मात्र दोन्ही तास फलकावर राहू द्यावीत.

हे मी इतक्या ठामपणे सांगतो, कारण उलट व्यवस्थेचा फटका मला बसला आहे. संशोधक विद्यार्थी असताना एका मोठ्या परिषदेत माझे पोस्टर होते. आयोजकांनी आमच्या विषयाची सगळी पोस्टरे पहिल्या तासात ठेवली होती आणि दुसऱ्या तासात त्याच फलकांवर दुसऱ्या विषयाची लागणार होती. माझ्यापासून तिसऱ्या फलकावर एक संशोधक माझाच प्रश्न वेगळ्या पद्धतीने सोडवून उभा होता. त्याच्या पोस्टरचे शीर्षक मला माझ्या जागेवरून वाचता येत होते, पण आलेख दिसत नव्हते. मी माझा फलक सोडू शकत नव्हतो आणि तो त्याचा. तास संपल्यावर मी धावत गेलो, तेव्हा चारही कोपऱ्यांच्या टाचण्या निघालेल्या होत्या आणि पोस्टर गुंडाळून नळीत जात होते. माझ्या कामावर नेमके प्रश्न विचारू शकली असती ती सगळी माणसे त्या तासात आपापल्या फलकाशी बांधलेली होती.

पुढे मी स्वतः एका आयोजन समितीत असताना एका ज्येष्ठ सदस्यांनी हीच रचना सुचवली. एका विषयाची पोस्टरे एकाच तासात असली की पाहणाऱ्याला तो विषय सलग संपवता येतो, असे त्यांचे म्हणणे होते. माझे म्हणणे मान्य झाले नाही, म्हणून ते इथे सविस्तर मांडतो. एका पोस्टरपाशी थांबून ऐकायला आणि एखादा प्रश्न विचारायला सहा मिनिटे धरली, तर तासाला दहाच पोस्टरे होतात. एका विषयात वीस पोस्टरे असतील, तर तो विषय एका तासात कोणाचाच संपत नाही. शिवाय त्या विषयात सर्वाधिक रस असलेला माणूस बहुधा स्वतःच सादरकर्ता असतो, आणि त्यालाच या रचनेत फेरी मारता येत नाही.

तुमच्या ८० पोस्टरांसाठी समोरासमोर दहा-दहा फलक असलेल्या चार गल्ल्या करा आणि शक्य असेल तर प्रत्येक गल्लीला एक विषय द्या. पहिल्या तासात विषम आणि दुसऱ्या तासात सम क्रमांकाच्या फलकांचे सादरकर्ते उभे राहतील. म्हणजे पाहणाऱ्याला एका गल्लीत तासाला दहा सादरकर्ते भेटतात, आणि दुसऱ्या तासात मोकळा झालेला सादरकर्ता शेजारच्याचे काम ऐकू शकतो.

क्रमांक कसे घालावेत, इथे बहुतेक जण चुकतात. रस्त्यावरच्या घरांसारखे एका बाजूला विषम आणि समोर सम क्रमांक दिले, तर पहिल्या तासात सगळी गर्दी एकाच बाजूला खांद्याला खांदा लावून उभी राहते आणि समोरची बाजू ओस पडते. डावीकडे १ ते १० आणि उजवीकडे त्याच दिशेने ११ ते २० दिले, तर १ च्या समोर ११ येतो, दोन्ही विषम, आणि दोन घोळक्यांच्या पाठी एकमेकींना लागून वाट बंद होते. म्हणून डावीकडे १ ते १० जाऊन उजवीकडून ११ ते २० असे परत या. आता १ च्या समोर २० आणि २ च्या समोर १९ येतो. समोरासमोरच्या क्रमांकांची बेरीज नेहमी २१, म्हणजे विषम असल्याने एक सम आणि दुसरा विषम असणारच. बोलणाऱ्या प्रत्येक सादरकर्त्याच्या शेजारचा आणि समोरचा फलक त्या तासात सादरकर्त्याविना असतो, आणि घोळक्याला पसरायला जागा मिळते.

एकाच व्यक्तीची दोन पोस्टरे असतील, तर तिला एक सम आणि एक विषम क्रमांक द्यावा, हे वाटपाआधीच नावांनुसार यादी लावून तपासा. कोणी माघार घेतली, तर पुढचे क्रमांक सरकवू नका. तो फलक क्रमांकासह रिकामा ठेवा. क्रमांक सरकले की सम-विषम उलटते, आणि छापील कार्यक्रमपत्रिकेवर खुणा करून आलेला माणूस चुकीच्या तासाला चुकीच्या फलकासमोर उभा राहतो.

पोस्टरे वीस-पंचवीसच असतील, तर एवढे काटेकोर वाटप नसले तरी चालते. फलकच कमी असतील आणि पोस्टरे दोन दिवसांत विभागावी लागणार असतील, तर प्रत्येक दिवसाच्या सत्रात सम-विषम स्वतंत्रपणे लावावे. एका दिवशी सम आणि दुसऱ्या दिवशी विषम असे करू नये, कारण मग त्या दिवशी लागलेल्या सगळ्याच पोस्टरांचे सादरकर्ते एकाच वेळी अडकतात आणि माझी जी अडचण झाली तीच पुन्हा होते.