बसची वेळ: थांबे, चढणं आणि राखीव मिनिटं

"सोलापुरात सैफुलवरून विजापूर रोडने सात रस्ता आणि पुढे रेल्वे लाइन्समधल्या शाळेपर्यंत नकाशा २४ मिनिटं दाखवतो. आमच्या बसला १४ थांबे, ३२ मुलं. रोज ४० मिनिटं लागतात. ड्रायव्हर रेंगाळतो का?"

ड्रायव्हरला दोष देऊ नका, आधी हिशेब मांडा. नकाशातली वेळ कारची आहे, तीही कुठंच न थांबणाऱ्या. बस प्रत्येक थांब्याआधी वेग कमी करते, कडेला येते, दार उघडतं, बंद होतं, आणि मागून येणाऱ्या रिक्षा-दुचाकींतून वाट काढत पुन्हा वेग घेते. मूल एकच असलं तरी यात २५ सेकंद सहज जातात. १४ थांब्यांचे झाले जवळपास ६ मिनिटं. दप्तर आणि डबा घेऊन लहान मूल चढायला ६ सेकंद धरा, म्हणजे ३२ मुलांची ३ मिनिटं. कारपेक्षा बस हळू चालते, सिग्नलला आणि वळणावर जास्त अडते, म्हणून नुसत्या धावण्याचीच आणखी ४ मिनिटं. बेरीज ३७. उरलेली ३ मिनिटं बहुधा "आलोच, एक मिनिट" म्हणणाऱ्या घरांची.

हे आकडे माझ्या अंदाजाचे आहेत, तुमचे तुम्ही मोजा. बसमधल्या ताईंना कागद द्या आणि दहा शाळेचे दिवस प्रत्येक थांब्यावर दोनच वेळा लिहायला सांगा: चाक थांबलं कधी, चाक हललं कधी. या दोन वेळांतला फरक म्हणजे थांब्याचा खर्च. एका थांब्यावरून सुटल्यापासून पुढच्यावर पोचेपर्यंतचा वेळ म्हणजे रस्त्याचा. उशीर रस्त्यामुळे होतो की थांब्यामुळे, ते त्या कागदावरच दिसेल. दोन्ही एकत्र लिहिलं तर कधीच कळत नाही.

"पत्रकार भवनच्या थांब्यावर बस कधी ७.०२ ला येते, कधी ७.११ ला. पालकांना कोणती वेळ कळवू?"

बहुतेक जण सरासरी काढून ७.०६ कळवतात आणि तिथंच चुकतात. पालकाला सर्वांत महाग पडते ती लवकर येऊन निघून गेलेली बस. म्हणून थांब्याची वेळ मोकळ्या दिवसाच्या जवळची द्या, इथं ७.०३, आणि नियम ठेवा की त्याआधी बस तिथून हलणार नाही. ७.०२ ला पोचली तर मिनिटभर उभी राहील. पालक एखाद्या दिवशी आठ मिनिटं ताटकळतील, पण मूल मागे राहणार नाही.

शाळेत पोचण्याची वेळ मात्र उलट्या टोकाकडून धरायची. दहा दिवसांच्या वेळा लवकरपासून उशिरापर्यंत ओळीनं लावा आणि नववी घ्या. ती घंटेच्या आधीची असली पाहिजे. नसेल तर पहिल्या थांब्यावरूनच बस तेवढी आधी काढा.

"सुरक्षित म्हणून प्रत्येक थांब्याला २ मिनिटं जादा धरली. आता बस जागोजागी उभी राहते आणि पहिली मुलं कंटाळतात."

१४ थांब्यांना दोन-दोन म्हणजे २८ मिनिटं! इतकी लागत नाहीत, कारण एकाच दिवशी सगळीकडे उशीर होत नाही. एका ठिकाणी मिनिट गेलं तर दुसरीकडे एखादं वाचतं. प्रत्येक थांब्यावर वेळेत साधारण एका मिनिटाची चढउतार असेल आणि ती एकमेकांशी संबंधित नसेल, तर सगळ्या मार्गाची चढउतार १४ च्या वर्गमुळाइतकी, म्हणजे पावणेचार मिनिटं होते. त्याच्या दीडपट, सहा मिनिटं, राखीव पुरतात. त्यातली दोन-तीन मधल्या एका थांब्यावर ठेवा, जिथं बस रस्ता न अडवता उभी राहू शकेल, आणि बाकीची शेवटच्या थांब्यानंतर, शाळेच्या आधी.

हे गणित एका ठिकाणी फसतं. मोठा पाऊस, हंगामात पुढे दोन ट्रॉल्यांचा उसाचा ट्रॅक्टर, जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेमुळे वळवलेले रस्ते: या दिवशी उशीर सगळ्या थांब्यांना एकदमच होतो, कुठंच भरून निघत नाही. असे दिवस दहाच्या नोंदीत मिसळू नका. यात्रेच्या दिवसांसाठी वेगळं वेळापत्रक काढा आणि पालकांना आधी कळवा.

"एका सोसायटीला गेटच्या आत बस हवी आहे. एकच मूल आहे, काय फरक पडतो?"

मुख्य रस्त्याच्या कडेचा थांबा पाऊण मिनिटाचा. आत जाऊन बस वळवून बाहेर यायला तीन-चार मिनिटं, त्यात रिव्हर्स घेताना मागे माणूस लागतो. बसमध्ये आधीच २० मुलं असतील तर तीन मिनिटांचा फेरा म्हणजे त्या मुलांची मिळून तासभर वेळ. त्यापेक्षा पालकांनी गेटपर्यंत चालत यावं. आत जायचंच असेल तर तो थांबा मार्गाच्या सुरुवातीला घ्या, बस रिकामी असताना.