गोळीखालचा दाब आणि आतून सुटणारी खपली

«पोलादी गोळी पोलादी प्लेटवर दाबली, तर ती जिथे टेकते तिथेच सगळ्यात जास्त दाब असतो ना? मग प्लेट आतून का फाटते?»

दाब वरच जास्त असतो, हे बरोबर. पण पोलाद नुसत्या दाबाने फाटत नाही. एका दिशेचा दाब आणि दुसऱ्या दिशेचा दाब यांत फरक पडला की आतले थर एकमेकांवरून सरकू पाहतात. या सरकवणाऱ्या ताणाला शिअर म्हणतात, आणि तोच पोलादाला मारतो.

१० मिमी व्यासाची पोलादी गोळी घ्या, सपाट पोलादी प्लेटवर १०० न्यूटनने, म्हणजे साधारण १० किलो वजनाने दाबलेली. दोन वस्तू टेकल्यावरचा दाब काढायच्या हर्ट्झच्या सूत्राने टेकलेल्या वर्तुळाची त्रिज्या येते ०.१५ मिमी, आणि मधोमध दाब सुमारे २१४५ मेगापास्कल. तिथलं पोलाद बाजूला पसरू बघतं, पण भोवतालचं पोलाद त्याला जागा देत नाही. म्हणून आडवा दाबही उभ्या दाबाच्या ८० टक्के होतो. चहूबाजूंनी आवळलेलं पोलाद सरकणार कुठे? शिअर जेमतेम २१५ मेगापास्कल.

आता ०.०७ मिमी खाली उतरा. उभा दाब ८१ टक्के शिल्लक आहे, आडवा मात्र १९ टक्क्यांवर घसरलाय. फरकाचा निम्मा म्हणजे शिअर, तो झाला ६६५. सगळ्यात वाईट जागा ही.

आमच्या वडोदऱ्यात, मकरपुऱ्याच्या एका शेडमध्ये, मी हे स्वतःच्या चुकीने शिकलो. केस हार्डनिंग केलेल्या, म्हणजे फक्त वरचा थर कडक केलेल्या प्लेटवर अशाच गोळ्या फिरायच्या. हीट ट्रीटमेंटमध्ये प्लेट वाकली, म्हणून आम्ही ती ग्राइंडिंगवर सपाट केली. दिसायला आरसा! काही आठवड्यांत खपल्या निघू लागल्या. प्लेट कापली, पॉलिश केली, थर वेगळे दिसावेत म्हणून नायटल हे आम्लाचं द्रावण लावलं, तर कडक थर उरला होता फक्त ०.१५ मिमी, आणि चीर त्या थराच्या तळाशी आडवी धावत होती. सर्वांत जास्त शिअरची जागा कडक थरातच होती, ती टिकली. पण ०.१५ मिमीवरही शिअर ५०० च्या आसपास असतो, आणि मऊ गाभ्याची यील्ड, म्हणजे ज्या ताणाला तो कायमचा आकार बदलू लागतो ती मर्यादा, ३०० धरली तर गाभा शिअर सोसतो जेमतेम १५०. ०.४५ मिमीवर शिअर ११३ पर्यंत उतरतो. म्हणून पुढच्या प्लेटला ग्राइंडिंगनंतर अर्धा मिमी थर उरेल, असं ड्रॉइंगवरच लिहिलं. बहुतेक लोक फक्त वरची हार्डनेस मोजून मोकळे होतात, आम्हीही तेच केलं होतं.

हे गणित घर्षण कमी असतानाचं. घर्षणाचा गुणांक साधारण ०.३ च्या वर गेला की सर्वांत जास्त शिअर पृष्ठभागावर येतो. तेलात कचरा असला किंवा ओरखडे असले, तरी चीर वरूनच सुरू होते. काचेची गोष्ट तर वेगळीच: ती वर्तुळाच्या कडेला ताणाने तडकते.